दुकान-दुकान आणि घरची नाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले पालक आणि बालवाडीच्या ताई यांच्याकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खेळ जुनाच आहे. एक मूल दुकानदार होतं, दुसरं गिऱ्हाईक, मध्ये थोडी भाजी आणि घरी केलेली नाणी. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं घोडं सुटे परत देण्यापाशी अडतं, म्हणून त्या भागावर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. भातुकलीत मुलं दुकान मांडतातच. मग यात वेगळं काय?

भातुकलीतल्या दुकानात मूल पानं किंवा खडे पैसे म्हणून देतं, आणि किती दिले याला काही महत्त्व नसतं. इथे ते असतं. मालाला भाव लिहिलेला असतो, गल्ल्यात सुरुवातीला किती पैसे होते ते माहीत असतं आणि खेळ संपल्यावर गल्ला मोजला जातो. विकलेल्या मालाची किंमत आणि गल्ल्यात वाढलेले पैसे जुळले नाहीत, तर कुठेतरी चूक झाली आहे हे मुलांना स्वतःलाच कळतं. मोठ्यांनी चूक दाखवण्याची वेळ त्यामुळे फार कमी येते.

२. कितव्या वर्षापासून खेळता येईल?

साधारण तीन वर्षांचं मूल "एक नाणं द्या, एक बटाटा घ्या" एवढं करू शकतं, आणि त्या वयाला तेवढंच पुरे. पाचव्या वर्षाच्या आसपास दहापर्यंतची किंमत नेमकी मोजून देणं जमू लागतं. सुटे परत देणं बहुतेकांना सहा-सात वर्षांचं झाल्यावर झेपतं आणि घासाघीस त्यानंतर. पण वयापेक्षा एक छोटी परीक्षा जास्त खरी. मुलाला "सातच्या पुढे मोज" असं सांगा. ते लगेच "आठ, नऊ, दहा" म्हणालं, तर ते सुट्यांसाठी तयार आहे. पुन्हा एकपासून सुरुवात केली, तर अजून काही दिवस नेमके पैसे देण्याचाच खेळ खेळा.

३. नाणी कशाची करायची? शाडूची केली तर भेगा पडतात.

पुठ्ठा सगळ्यात सोयीचा. जाड लग्नपत्रिका किंवा खोक्याचा पुठ्ठा घ्या, वाटी उपडी ठेवून गोल आखा आणि कापा. एकाच जाडीचे दोन गोल एकमेकांना चिकटवले की नाणं वाकत नाही आणि हातात वजनदार लागतं. गणपतीच्या दिवसांत शाडू घरात असते, तेव्हा मुलांना तिचीच नाणी हवी असतात. हरकत नाही. शाडूचं नाणं अर्धा सेंटिमीटर तरी जाड ठेवा, उन्हात न ठेवता सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि मधूनमधून उलटत राहा. एक बाजू आधी वाळली की ती आकसते आणि भेग पडते. तरी ही नाणी आपटली की फुटतात, म्हणून रोजच्या खेळासाठी पुठ्ठाच बरा.

नाणी चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी करा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर हे पाळायलाच हवं. खऱ्या नाण्याएवढी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते, आणि खेळाच्या गडबडीत जमिनीवर पडलेलं नाणं कुणाच्या लक्षात येत नाही. खरी नाणी खेळायला देऊ नयेत, याचंही मुख्य कारण हेच. पुढे चिंचोके वापरायला सांगितले आहेत, त्यांनाही हाच नियम. रांगतं मूल जवळ असेल तर चिंचोक्यांऐवजी पुठ्ठ्याचे मोठे तुकडे घ्या.

४. कोणती नाणी करायची आणि किती?

एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची. वीसचं नाणं चलनात आहे, पण सुरुवातीला ते नको. त्यामुळे एकाच वेळी शिकायच्या गोष्टी वाढतात.

एका दुकानाच्या गल्ल्यात एकची दहा, दोनची पाच आणि पाचची चार नाणी ठेवा. हे चाळीस रुपये झाले. प्रत्येक गिऱ्हाइकाला वीस रुपये द्या. मात्र हे वीस रुपये कोणत्या नाण्यांत देता, त्यावर मूल काय शिकणार ते ठरतं. दहाचं एक, पाचचं एक, दोनची दोन आणि एकचं एक असं दिलंत, तर मूल नेमके पैसे जुळवायला शिकेल. दहाची दोनच नाणी दिलीत, तर पहिल्या खरेदीपासूनच दुकानदाराला सुटे द्यावे लागतील. "आमच्या मुलाला सुट्यांचा सरावच होत नाही" असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या गिऱ्हाइकाच्या बटव्यात सगळी सुटी नाणी होती.

५. नाणी हुबेहूब खऱ्यासारखी असावीत का? नोटांची रंगीत झेरॉक्स काढली तर?

नोटांची झेरॉक्स काढू नका. नोटेशी साधर्म्य असलेला कागद बनवणं किंवा वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली दंडनीय आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी झेरॉक्स नोटेतून मुलाला शिकायला काही मिळत नाही. स्वतः कापलेल्या नाण्यावर स्वतः आकडा लिहिला की ते नाणं कितीचं हे त्याच्या लक्षात राहतं. एका बाजूला मोठा आकडा लिहा आणि दुसऱ्या बाजूला तेवढे ठिपके काढा. पाचच्या नाण्यामागे पाच ठिपके, दहाच्या मागे दहा. या ठिपक्यांचा उपयोग प्रश्न ८ मध्ये आहे.

आकाराबद्दल आमचं मत असं की सगळी नाणी एकाच आकाराची करावीत. नाणं जितकं मोठं तितकं जास्त किमतीचं, असं मुलांना वाटतं, आणि खरी नाणी याला साथ देत नाहीत. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं आहे आणि पाचचं २३ मिलिमीटरचं. २०१९ च्या मालिकेत हे उलट झालं. दोन्ही मालिका आज एकाच गल्ल्यात सापडतात. म्हणून आकार न बघता आकडा वाचायची सवय पहिल्यापासून लागलेली बरी.

६. माल काय ठेवायचा आणि भाव किती?

घरातली खरी भाजी ठेवा. लिंबू, बटाटा, कोथिंबिरीची छोटी जुडी, आल्याचा तुकडा, दोन-चार मिरच्यांचा वाटा. प्लॅस्टिकच्या खेळण्यांपेक्षा खरी भाजी हातात आली की मुलं मंडईतल्यासारखं बोलू लागतात. चारच वस्तू पुरेत. भाव पाटीवर मोठ्या आकड्यात लिहा.

आजचा बाजारभाव लावायचा मोह टाळा. खेळात लिंबू ३, बटाटा ४ आणि कोथिंबीर ७ रुपये चालते. पाच आणि दहा हे भाव मुद्दाम टाळा, कारण त्यात नाणं सरळ बसतं आणि हिशोब करावाच लागत नाही. पाव किलो, अर्धा किलो असं विकायचं असेल, तर किलोचा भाव चारने भागला जाणारा ठेवा, नाहीतर पैसे मध्ये येतात. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं आहे आणि पन्नास पैसे वैध असले तरी मुलांच्या पाहण्यात येत नाहीत. खेळात पैसे आणण्याची गरज नाही.

७. सुटे परत द्यायला कसं शिकवायचं? मुलाला वजाबाकी नीट येत नाही.

वजाबाकी लागतच नाही. हिशोबयंत्र नसताना दुकानदार जसे सुटे देत आले, तसे द्यायला शिकवा, म्हणजे किमतीपासून पुढे मोजत.

गिऱ्हाइकाने सात रुपयांच्या कोथिंबिरीसाठी दहा दिले, असं धरा. दुकानदाराने ते दहाचं नाणं गल्ल्यात टाकायचं नाही. गल्ल्याच्या झाकणावर, दोघांना दिसेल असं ठेवायचं. मग मोठ्याने म्हणायचं, "दहा दिलेत, सात झाले." आता एकेक रुपया गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत पुढे मोजायचं, "आठ, नऊ, दहा." दहा झाले की थांबायचं आणि मगच झाकणावरचं नाणं गल्ल्यात टाकायचं. हे जमलं की एकऐवजी दोनचं नाणं वापरू द्या. सात म्हणून दोनचं नाणं ठेवलं की "नऊ", एकचं ठेवलं की "दहा". तेरा रुपयांच्या मालाला वीस दिले असतील, तर "तेरा", दोन ठेवून "पंधरा", पाच ठेवून "वीस".

सहा वर्षांच्या मुलाला पुढे मोजणं चांगलं येतं, मागे मोजताना ते अडखळतं, म्हणून ही रीत त्याला साधते. शिवाय तपासणी आपोआप होते. गिऱ्हाईक ऐकत असतं आणि मोजणी त्याने दिलेल्या आकड्यावर येऊन थांबते की नाही, हे त्याला कळतं.

ज्यांना तोंडी मोजणी कठीण जाते, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची वीस घरांची पट्टी करा. एकेक घर तीन सेंटिमीटरचं असलं की चिंचोका आरामात मावतो. दहाव्या घरानंतर जाड रेघ मारा. सातची कोथिंबीर घेतली की सात घरांत चिंचोके ठेवायचे. रेघेपर्यंत तीन घरं रिकामी दिसतात. तेवढेच सुटे.

आता एका गिऱ्हाइकाची पूर्ण फेरी बघू. त्याच्याकडे दहाची दोन नाणी आहेत, गल्ल्यात चाळीस रुपये आहेत. त्याने कोथिंबीर घेतली, दहा दिले, दोन आणि एक असे तीन परत आले. आता त्याच्याकडे तेरा रुपये राहिले. मग चार रुपयांचा बटाटा घेतला. हातातले सुटे तीनच, म्हणून पुन्हा दहा दिले. दुकानदार म्हणाला, "चार", एक ठेवून "पाच", पाच ठेवून "दहा". सहा परत आले. मग तीनचं लिंबू घेतलं आणि या वेळी दोन आणि एक असे नेमके पैसे दिले. शेवटी गिऱ्हाइकाकडे पाचचं एक आणि एकचं एक, म्हणजे सहा रुपये उरले. खरेदी सात, चार आणि तीन मिळून चौदाची झाली. गल्ल्यात आता चोपन्न असायला हवेत. मोजून बघा, एकची नऊ, दोनची पाच, पाचची तीन आणि दहाची दोन निघतील. मुलांकडून शेवटची ही मोजणी करून घ्यायला विसरू नका. वेळ कमी असेल तर एक गिऱ्हाईक कमी करा, पण गल्ला मोजाच.

हे सहज होऊ लागल्यावर मुलाला तळहात उघडून विचारा, "किती परत आले?" इथून ते स्वतःच्या पायांनी वजाबाकीकडे येतं.

८. पाचच्या एका नाण्यापेक्षा एकची तीन नाणी मिळाली की मुलगा खूश होतो. काय करावं?

तो नाणी मोजतो आहे, किंमत नाही. या वयात असंच होतं. समजावून सांगण्याने फरक पडत नाही, अदलाबदलीने पडतो. नाणी उलटी करून ठिपक्यांची बाजू वर ठेवा. त्याच्या तीन नाण्यांवर मिळून तीन ठिपके, तुमच्या एका नाण्यावर पाच. मग त्याला "बँकवाला" करा. इतर मुलं एकची पाच नाणी घेऊन येतात आणि पाचचं एक घेऊन जातात, प्रत्येक वेळी ठिपके जुळवून. काही खेळांनंतर आकड्याची बाजू वर ठेवून खेळायला सुरुवात करा आणि अडला तरच नाणं उलटू द्या. नाणं उलटणं हळूहळू बंद होतं. ते बंद होईपर्यंत प्रश्न ७ मधल्या दोन-पाचच्या नाण्यांकडे जाऊ नका, एकच्या नाण्यांतच सुटे देऊ द्या.

९. मुलगी सातच्या वस्तूचे दहा घेते आणि सात परत देते. हे का होतं?

"सात" हा आकडा तिने शेवटचा ऐकलेला असतो, आणि "परत द्यायचे" म्हटलं की ती तोच आकडा मोजते. याच्या जोडीने दिसणारी दुसरी चूक म्हणजे घेतलेलं दहाचं नाणं सुट्यांसकट परत देणं. दोन्ही चुकांचं मूळ एकच. आपले पैसे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे टेबलावर मिसळलेलं असतं. प्रश्न ७ मधला झाकणाचा नियम याचसाठी आहे. झाकणावर गिऱ्हाइकाचं नाणं, गल्ल्यात दुकानाचे पैसे, तळहातावर सुटे, अशा तीन जागा ठरल्या की बऱ्याच मुलांची चूक तिथेच थांबते. तरी थांबली नाही, तर तिला दोन दिवस गिऱ्हाईक करा. स्वतः दहा देऊन सात परत घेताना आणि वर कोथिंबीरही मिळताना काहीतरी बिनसलंय, हे तिच्या लवकर लक्षात येतं.

१०. सुटे संपले तर खेळ थांबवायचा का?

थांबवू नका, खेळ इथेच रंगतो. गिऱ्हाइकांकडे फक्त दहाची नाणी असली की गल्ल्यातले एक-दोन रुपये लवकर संपतात, आणि ते संपू द्यावेत. मग मुलांना मार्ग शोधू द्या. शेजारच्या दुकानातून मोड आणता येते. दहाचं नाणं देऊन पाच-पाचची दोन घ्यायची, आणि दोन्ही दुकानदारांनी ठिपके मोजून खात्री करायची. गिऱ्हाइकाला आणखी एक-दोन रुपयांची वस्तू घ्यायला सांगता येतं. चिठ्ठीवर "एक रुपया देणे" लिहून देता येतं, आणि ती चिठ्ठी पुढच्या खेळात आणली तर रुपया द्यावाच लागतो.

सगळ्यात अवघड, पण सगळ्यात शिकवणारा मार्ग म्हणजे "एक रुपया सुटा आहे का?" आल्याचा तुकडा सहाचा आहे, गिऱ्हाइकाने दहा दिले आणि गल्ल्यात फक्त पाचची नाणी आहेत. दुकानदार एक रुपया मागतो, अकरा घेतो आणि पाच परत देतो. मोठ्यांना हे सहज वाटतं. मुलांना मात्र "सहाच्या वस्तूला आधीच दहा दिले, आणखी कशाला द्यायचे?" असं वाटतं, आणि त्यांचं वाटणं योग्य आहे. दोन तुकडे करून दाखवा. आधी एक रुपया दिला, सहातले पाच देणं राहिले. आता दहा दिले, त्यातून पाच कापले, पाच परत. मग पुढे मोजून पडताळा घ्या, "सहा", पाचचं नाणं ठेवून "अकरा". हे सात-आठ वर्षांच्या आधी आणू नका.

११. समजलंय की नुसतं पाठ झालंय, हे कसं ओळखायचं?

गिऱ्हाईक तुम्ही व्हा. चारच्या बटाट्याला दोनची दोन नाणी द्या आणि सुट्यांसाठी हात पुढे करा. समजलेलं मूल म्हणेल, "काही नाही देणं." पाठ केलेलं मूल काहीतरी हातावर ठेवतं. मग सातच्या कोथिंबिरीला पाच द्या. ते आणखी दोन मागतं की नाही ते बघा. तिसऱ्यांदा, दोन वस्तू एकत्र घ्या आणि वीस द्या. पहिल्या दोन गोष्टी जमल्या आणि तिसरी नाही, तर अडचण सुट्यांची नाही, बेरजेची आहे. तिथे आधी दोन वस्तूंची बेरीज पाटीवर मांडू द्या.

१२. घासाघीस कशी खेळायची? आमच्याकडे एक जण "एक रुपया" म्हणतो, दुसरा "शंभर", आणि भांडण होतं.

कारण दोघांकडेही थांबण्याची जागा नाही. ती दोन चिठ्ठ्यांनी तयार करा. दुकानदाराच्या चिठ्ठीवर लिहा, "खरेदी ६." गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहा, "जास्तीत जास्त १०." चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. पाटीवर भाव बारा लावा. नियम तीन. नवा भाव सांगताना कारण सांगायचं. समोरच्याने आपला भाव मान्य केला की मागे फिरायचं नाही. आणि पटलं नाही तर निघून जायची मोकळीक दोघांनाही आहे.

मग असं काहीतरी ऐकू येतं:

"मावशी, कोथिंबीर कशी दिली?"
"बारा रुपये जुडी."
"आठला द्या ना, पानं कोमेजलीत."
"सकाळीच आणलीय ताई. अकरा द्या."
"दोन जुड्या घेते, नऊने द्या."
"बरं, दोन घेताय म्हणून. अठरा झाले."

गिऱ्हाइकाने वीस दिले, दोन परत आले. नंतर चिठ्ठ्या उघडा. दुकानदाराला जुडीमागे तीन रुपये सुटले, गिऱ्हाइकाचा जुडीमागे एक रुपया वाचला. दोघांनाही काही मिळालं, हे चिठ्ठ्या उघडल्यावरच दिसतं, म्हणून उघडणं चुकवू नका.

सुरुवातीला हमखास दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. गिऱ्हाईक पहिल्याच वाक्यात "माझ्याकडे दहाच आहेत" सांगून टाकतं. सांगू द्या, दुकानदार लगेच दहावर अडून बसतो आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक गप्प राहायला शिकतं. दुसरं म्हणजे चिठ्ठ्या न जुळणं. गिऱ्हाइकाची मर्यादा पाच आणि खरेदी सहाची असेल, तर सौदा होऊच शकत नाही. अशी जोडी मधूनच एकदा मुद्दाम द्या. सौदा न होता दोघं हसत उठले, तर त्यांना खेळ समजला.

१३. भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायला मुलांना शिकवणं बरोबर आहे का?

हा प्रश्न खूप जण पाठवतात आणि तो योग्य आहे. आमचं उत्तर असं की घासाघीस शिकवण्याआधी मुलाला विकणाऱ्याच्या जागी बसवा. घरातल्या मोठ्या माणसाने गुलटेकडीचं मार्केट यार्ड व्हायचं. दुकानदार मूल तिथून स्वतःच्या पैशांनी पाच जुड्या सहा रुपयांनी, म्हणजे तीस रुपयांना विकत आणतं. मग ते विकायला बसतं. तीन जुड्या नऊने गेल्या, सत्तावीस आले. दोन उरल्या. अजून तीन रुपये खर्चात आहे. "आठला द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते आता वेगळ्या नजरेने बघतं.

इथे एक पायरी पुढे जाता येतं. "संध्याकाळ झाली" असं जाहीर करा. उद्या कोथिंबीर पिवळी पडणार आणि फेकावी लागणार. उरलेली जुडी चार रुपयांना मागितली, तर द्यायची का? खरेदीपेक्षा कमी आहे, पण फेकण्यापेक्षा चार रुपये बरे. मोठी मुलं यावर चांगला वाद घालतात. बटाटा असता तर उत्तर बदललं असतं, हेही त्यांच्याच तोंडून येतं.

कुठे भाव करायचा नाही, हेही सांगावं लागतं. तुळशीबागेत किंवा जुन्या बाजारात विक्रेते स्वतःच भाव वाढवून सांगतात, तिथे घासाघीस हा बोलण्याचाच भाग आहे. छापील किमतीच्या बिस्किटपुड्यावर, "एकच भाव" अशी पाटी असलेल्या दुकानात किंवा बसच्या तिकिटावर ती होत नाही. हातगाडीवर दहा रुपयांची एक जुडी घेताना करू नये, असं आम्ही मुलांना सरळ सांगतो.

१४. आता सगळे क्यूआर कोडने पैसे देतात. मग नाण्यांचा उपयोग काय?

फोनने दिले की सुटे परत येत नाहीत आणि पैसे कमी झालेलेही दिसत नाहीत. मुलाला दिसतो फक्त एक आवाज करणारा फोन. म्हणून आधी नाणी. ती पक्की झाल्यावर पुठ्ठ्याचा फोन करा. त्याच्या बाजूला शून्य ते पन्नास आकड्यांची पट्टी लावा आणि कपड्यांचा चिमटा पन्नासवर ठेवा. सातची खरेदी केली की चिमटा सात घरं खाली, त्रेचाळीसवर. दुकानदाराच्या पट्टीवर सात घरं वर. चिमटा शून्यावर आला की फोन चालत नाही. हे बघून अनेक मुलं पहिल्यांदाच विचारतात, "मग फोनमध्ये पैसे कोण भरतं?"

१५. वीसच्या पुढे गेलो की मुलगा पंचवीसला बावन्न लिहितो.

पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून तो पाच आधी लिहितो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचनाची रीतही दिली, ती याच अडचणीमुळे. खेळात उपाय सोपा आहे. भाव ऐकला की लिहिण्याआधी नाणी मांडायची, दहाची डावीकडे, एकची उजवीकडे. दहाची दोन, एकची पाच. मग डावीकडून वाचून लिहायचं. एकोणतीस, एकोणचाळीस यांवर पुढे मोजताना मुलं घसरतात, म्हणून २८ किंवा ३८ चे भाव उशिरा आणा.

१६. खऱ्या दुकानात पहिल्यांदा कधी आणि कसं पाठवायचं? शाळेत बालबाजारही आहे.

प्रश्न ११ मधल्या तिन्ही गोष्टी जमल्या की पाठवा. रविवारी सकाळी मंडईत नको, तिथे मुलाच्या मोजणीसाठी थांबायला कुणाला वेळ नसतो. दुपारी सोसायटीजवळच्या ओळखीच्या भाजीवाल्यांना आधी सांगून ठेवा. वीसची नोट द्या आणि एकच वस्तू आणायला सांगा, जिचा भाव वीसपेक्षा कमी असेल. तुम्ही चार पावलं मागे उभे राहा. सुटे चुकले तरी मूल स्वतः बोलेपर्यंत मध्ये पडू नका.

दहाचं नाणं कुणी नाकारलं, तर मूल गोंधळतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. मुलाला मात्र वाद घालायला न लावता दुसरं नाणं द्यायला सांगा.

शाळेच्या बालबाजारात खरे पैसे असतात आणि गिऱ्हाईक मोठी माणसं असतात. ती शंभरची नोट पुढे करतात, आणि इथेच मुलांची पंचाईत होते. निघताना डब्यात एक, दोन आणि पाचची नाणी मिळून पन्नास रुपये तरी सुटे द्या, शिवाय दहाच्या काही नोटा. डब्यात किती घालून दिले तो आकडा झाकणाच्या आत लिहून ठेवा. विक्री किती झाली हे संध्याकाळी त्याच आकड्यावरून काढता येईल. शंभरची नोट आली तर तीही झाकणावर ठेवायची, आणि पंधरा रुपयांच्या मालाला "पंधरा, वीस, तीस..." असं दहा-दहाने शंभरपर्यंत पुढे मोजायचं.